टक्केवारी न घेता प्रस्ताव लेखन: सोलापुरातील छोट्या संस्थांबरोबर काम कसे सुरू करावे

विडी कामगारांच्या मुलांसाठी संध्याकाळचे अभ्यासवर्ग चालवणाऱ्या एका संस्थेच्या अध्यक्षा पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही प्रपोजल लिहा. मंजूर झालं की दहा टक्के तुमचे. नाही झालं तर तुमचं आमचं काही देणंघेणं नाही." त्यांचा हेतू वाईट नव्हता. संस्थेच्या खात्यात तेव्हा ५१,००० रुपये होते आणि हातात पैसे नसताना देता येण्यासारखे हेच एक आश्वासन त्यांच्याजवळ होते. सोलापुरात नव्याने अनुदान प्रस्ताव लिहू लागलेल्या प्रत्येकाला टक्केवारीचे हे बोलणे महिन्याभरात ऐकायला मिळते, म्हणून शुल्काचा प्रश्न आधी सोडवून मगच पहिला ग्राहक शोधायला निघावे.

हा लेख कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीपुरता, म्हणजे आपण सगळे ज्याला सीएसआर म्हणतो त्यापुरता आहे. परदेशी देणगी आणि सरकारी योजना यांचे नियम वेगळे आहेत, आणि नव्या लेखकाने तिन्हींमध्ये एकदम हात घालू नये.

दहा टक्क्यांचा हिशेब नेमका कुठे अडतो

अमेरिकेतील असोसिएशन ऑफ फंडरेझिंग प्रोफेशनल्स आणि ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशन या दोन्ही व्यावसायिक संघटनांच्या आचारसंहितांमध्ये मिळालेल्या निधीच्या टक्केवारीवर मोबदला घेण्यास मनाई आहे. आपल्याकडे प्रस्ताव लेखकांना बांधणारी अशी संहिता नसली तरी त्यामागचे कारण आपल्या कागदांवर जसेच्या तसे लागू पडते. कंपनीचा निधी ठरावीक बाबींसाठी येतो. शिक्षकांचे मानधन, मुलांचा खाऊ, जागेचे भाडे अशा ओळी करारात लिहिलेल्या असतात आणि वर्षअखेरीस सनदी लेखापालाच्या सहीचे विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. प्रस्ताव लिहिण्याचे काम मंजुरीच्या आधी झालेले असते, त्यामुळे त्याचा मोबदला मंजूर निधीतून द्यायला अंदाजपत्रकात प्रामाणिक ओळच सापडत नाही. मग तो 'प्रशिक्षण' किंवा 'सल्लागार भेटी' अशा नावाखाली घुसवला जातो, आणि लेखापरीक्षणात तो खर्च उघडा पडला की संस्थेला रक्कम परत करावी लागू शकते. ती कंपनी पुन्हा त्या संस्थेच्या दारात येत नाही, हे नुकसान तर कुठल्या हिशेबात धरताच येत नाही.

वरच्या संस्थेने स्वतः केलेले अंदाजपत्रक माझ्यासमोर होते. तीन केंद्रे, १२० मुले, तीन शिक्षिकांना प्रत्येकी महिना ८,००० रुपये म्हणजे वर्षाला २,८८,००० रुपये, समन्वयकाला महिना १५,००० प्रमाणे १,८०,००० रुपये, मुलामागे रोज १२ रुपयांचा खाऊ २५० दिवस म्हणजे ३,६०,००० रुपये, तीन खोल्यांचे भाडे ९०,००० रुपये, पुस्तके व साहित्य ७२,००० रुपये, प्रशिक्षण व चाचण्या ३६,००० रुपये आणि हिशेब व लेखापरीक्षण ५०,००० रुपये. एकूण १०,७६,००० रुपये. याचे दहा टक्के म्हणजे १,०७,६०० रुपये. १२० मुलांचा रोजचा खाऊ १,४४० रुपयांचा असल्याने ती रक्कम जवळजवळ ७५ दिवसांच्या खाऊइतकी होते. मी हे गणित त्यांच्याच वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवले, आणि टक्केवारीचा विषय तिथेच संपला.

टक्केवारीची रूपे बदलून येतात, तीही ओळखायला हवीत. "मंजूर झालं तर तुम्हालाच समन्वयक नेमू" किंवा "आता थोडे घ्या, पैसे आले की दुप्पट देऊ" हीसुद्धा यशावर बांधलेली देणीच आहेत. मंजुरीनंतरचे अहवाल लेखन मात्र वेगळे काम आहे. ते अंदाजपत्रकात उघडपणे दाखवलेले असेल, कंपनीला मान्य असेल आणि प्रत्यक्ष केलेल्या कामाचे असेल, तर त्याचे शुल्क निधीतून घेण्यात गैर काही नाही.

शुल्क कसे काढावे

मी वापरते ती पद्धत साधी आहे. महिन्याला घरी किती रक्कम यायला हवी ते ठरवावे, त्यात प्रवास, इंटरनेट, छपाई असा कामाचा खर्च मिळवावा आणि ज्या तासांचे पैसे खरोखर मिळतात त्या तासांनी भागावे. उदाहरणार्थ, ३२,००० रुपये घरी हवेत आणि ४,००० रुपये खर्च आहे, तर ३६,००० रुपये झाले. महिन्यात १६० तास काम केले तरी निम्मे तास भेटीगाठी, माहिती शोधणे आणि फोन यांत जातात, म्हणून ८० तासच धरावेत. तासाला ४५० रुपये पडतात. नवे लोक १६० ने भागतात आणि चौथ्या महिन्यात हे काम परवडत नाही म्हणून सोडून देतात.

हा तासाचा दर संस्थेला सांगू नये. संस्थेला कामाची ठरावीक रक्कम सांगावी, कारण छोट्या संस्थेला एकूण किती खर्च येणार हे आधी कळणे आवश्यक असते. दोन पानी संकल्पना टिपणाला मला साधारण १० तास लागतात, म्हणजे ४,५०० रुपये. केंद्राला भेट, अंदाजपत्रक, वेळापत्रक आणि परिशिष्टांसह दहा-बारा पानी पूर्ण प्रस्तावाला ४० तास लागतात, म्हणजे १८,००० रुपये. तोच प्रस्ताव दुसऱ्या कंपनीच्या नमुन्यात बसवायला १० ते १२ तास पुरतात. पहिल्या तीन कामांमध्ये तास प्रामाणिकपणे वहीत लिहावेत, कारण आपला अंदाज हमखास कमी निघतो. माझ्या पहिल्या प्रस्तावाला ६३ तास लागले होते आणि त्यातले जवळपास २० तास कागदपत्रांची वाट पाहण्यात आणि आठवण करून देण्यात गेले होते.

ते २० तास वाचवण्यासाठी मी पूर्ण प्रस्तावाच्या आधी कागदपत्र तपासणी हे छोटे, स्वतंत्र, सशुल्क काम ठेवले. आठ तासांचे हे काम ३,५०० रुपयांत होते. छोट्या संस्थेला एवढी रक्कम जड जात नाही, आणि तपासणीत संस्था अजून पात्र नाही असे निघाले तर तिचे १८,००० रुपये वाचतात.

तपासणीत काय पाहावे

बाहेरून पाहिले तर संस्था उत्तम चाललेली असते, म्हणून कागद हातात घेऊनच बसावे. सीएसआर नियमांप्रमाणे अंमलबजावणी करणाऱ्या नोंदणीकृत न्यासाकडे किंवा संस्थेकडे संस्थेला आणि तिच्या देणगीदारांना आयकरात सवलत देणारी १२ए आणि ८०जी नोंदणी लागते आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो. १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे नोंद करणेही बंधनकारक आहे. १२ए आणि ८०जी या नोंदण्या आता मुदतीच्या असतात, त्यामुळे प्रमाणपत्र आहे एवढे पाहून चालत नाही, त्यावरची वर्षे वाचावी लागतात. त्यानंतर मागील तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, पॅन, बँक खाते आणि नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील नोंद पाहावी.

आपल्याकडे सर्वांत जास्त अडचण येते ती विश्वस्तांच्या नावांची. धर्मादाय आयुक्त कार्यालयातील परिशिष्ट १ वर, म्हणजे न्यासाच्या नोंदीच्या उताऱ्यावर, काही नावे असतात, लेटरहेडवर दुसरी आणि बँकेत सही करणारी तिसरी. जुने विश्वस्त वारले किंवा बदलले, पण बदल अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, दाखलच झाला नाही किंवा दाखल होऊन प्रलंबित राहिला, असे वारंवार दिसते. कंपनीचा तपासनीस परिशिष्टाची प्रत मागतो आणि प्रस्ताव कितीही चांगला असला तरी फाईल तिथे थांबते. अभ्यासवर्गाच्या संस्थेत सातपैकी दोन विश्वस्त बदललेले होते आणि बदल अर्ज प्रलंबित होता. आम्ही अर्जाची पोच आणि विश्वस्त मंडळाचा ठराव प्रस्तावासोबत जोडला आणि पत्रात ही गोष्ट स्वतःहून लिहिली. लपवलेली उणीव सापडण्यापेक्षा सांगितलेली उणीव तपासनिसाला कमी खटकते.

यानंतर कामाचा पुरावा पाहावा. मी हजेरीपट मागितले तेव्हा अध्यक्षांनी आनंदाने तीन जाड वह्या समोर ठेवल्या. पटावर १२० नावे होती. मी तीन महिन्यांची रोजची बेरीज केली, तेव्हा पहिल्या केंद्रात सरासरी ४१, दुसऱ्यात ३७ आणि तिसऱ्यात फक्त ९ मुले येत होती. शिक्षिकेला विचारल्यावर कळले की तिसऱ्या वस्तीतील बरीच कुटुंबे कुंभारीच्या घरकुलांत राहायला गेली होती आणि उरलेली मुले संध्याकाळी आईला विड्यांची पाने कातरून देत होती. वर्गाची वेळ आणि कामाची वेळ एकच होती. हे अंदाजपत्रक बनवणाऱ्यांपैकी कोणाच्याही लक्षात आले नव्हते, कारण पटावरची नावे कमी झालेली नव्हती.

मी दोनच केंद्रे आणि ८० मुले धरून मागणी करण्याचा सल्ला दिला. दोन शिक्षिका १,९२,००० रुपये, समन्वयक १,८०,००० रुपये, खाऊ २,४०,००० रुपये, भाडे ६०,००० रुपये, साहित्य ४८,००० रुपये, प्रशिक्षण व चाचण्या ३६,००० रुपये आणि हिशेब व लेखापरीक्षण ५०,००० रुपये मिळून ८,०६,००० रुपये होतात. मुलामागे वर्षाचा खर्च ८,९६७ रुपयांवरून १०,०७५ रुपयांवर गेला, कारण समन्वयकाचे मानधन आणि हिशेबाचा खर्च कमी मुलांवर वाटला गेला. तो आकडा आम्ही तसाच ठेवला आणि त्याचे कारण एका वाक्यात लिहिले. मी टक्केवारीवर काम करत असते तर या एका सल्ल्यामुळे माझे २७,००० रुपये कमी झाले असते. शुल्क ठरावीक होते म्हणून मला खरी संख्या लिहायला कोणतीही अडचण आली नाही. टक्केवारी नाकारण्याचे माझ्या लेखी सर्वांत मोठे कारण हेच आहे.

येथे एक गैरसमज दूर करून घ्यावा. प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर दाखवता येत नाही असे अनेक संस्थाचालक सांगतात. नियमातील ती मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, संस्थेच्या प्रकल्प व्यवस्थापनाला नाही. काही कंपन्या संस्थांसाठी स्वतःची मर्यादा ठेवतात, म्हणून ती त्या कंपनीलाच विचारावी. पण भीतीपोटी लेखापालाचे मानधन अंदाजपत्रकातून वगळू नये.

करारपत्र

करार दोन पानांपेक्षा मोठा नसावा आणि मराठीतच असावा, कारण त्यावर सही करणाऱ्या विश्वस्तांनी तो वाचायला हवा. काय लिहून मिळणार, किती वेळा दुरुस्ती होणार (मी दोन वेळा ठेवते), संस्थेने कागद कोणत्या तारखेपर्यंत द्यायचे आणि उशीर झाल्यास अंतिम तारीख चुकण्याची जबाबदारी कोणाची, हे त्यात स्पष्ट असावे. माझे हप्ते असे असतात: सुरुवातीला ४० टक्के, पहिला मसुदा दिल्यावर ४० टक्के आणि प्रस्ताव सादर झाल्यापासून सात दिवसांत उरलेले २० टक्के. शेवटच्या हप्त्याच्या वाक्यात 'मंजूर' हा शब्द कुठेही येऊ देऊ नये. "सदर शुल्क प्रस्ताव लेखनाच्या कामाचे असून निधी मंजूर होण्या अथवा न होण्याशी त्याचा संबंध नाही" हे वाक्य मी प्रत्येक करारात ठेवते आणि सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवते. ते वाचून न दाखवल्यामुळे एकदा माझे ३,६०० रुपये बुडाले आहेत.

आणखी दोन अटी आवश्यक आहेत. दिलेली माहिती खरी असल्याची जबाबदारी संस्थेची राहील आणि ती खोटी असल्याचे आढळल्यास लेखकाला काम थांबवता येईल, ही पहिली. प्रस्ताव संस्थेच्याच ई-मेलवरून आणि संस्थेच्याच लॉगिनमधून सादर होईल, ही दुसरी. पासवर्ड आपल्याकडे ठेवू नये. संस्थेचे पोर्टल लेखकाच्या मोबाईल क्रमांकाला जोडलेले असेल तर लेखक बदलल्यावर मोठा घोळ होतो.

शुल्क कुठून द्यायचे, हा प्रश्न संस्था विचारणारच. उत्तर असे की ते सर्वसाधारण देणगीतून किंवा सभासद वर्गणीतून द्यावे, एखाद्या प्रकल्पासाठी आलेल्या निधीतून देऊ नये. अभ्यासवर्गाच्या संस्थेने टॉवेलचे उत्पादन करणाऱ्या आपल्या एका जुन्या देणगीदाराला कामाचे स्वरूप आणि पक्की रक्कम सांगितली, आणि त्यांनी १५,००० रुपये खास या कामासाठी दिले. टक्केवारीचे आश्वासन घेऊन संस्था त्यांच्याकडे कधीच जाऊ शकली नसती.

पहिले ग्राहक

माझे पहिले तीनही ग्राहक सनदी लेखापालांकडून आले. न्यासांचे लेखापरीक्षण करणाऱ्या सीएला आपल्या गावातील कोणत्या संस्थेचे हिशेब स्वच्छ आहेत आणि कोणाचे ८०जी चालू आहे हे नेमके ठाऊक असते, शिवाय सीएसआर-१ फॉर्मवर व्यावसायिकाची डिजिटल सही लागत असल्याने तो फॉर्म बऱ्याचदा त्यांच्याच कार्यालयातून भरलेला असतो. फॉर्म भरला, नंबर आला आणि पुढे काहीच झाले नाही, अशा संस्था शोधाव्यात. मात्र ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात सीएंना भेटायला जाऊ नये, तेव्हा त्यांना लेखापरीक्षणाच्या आणि विवरणपत्रांच्या तारखांमुळे मान वर करायला वेळ नसतो. नोव्हेंबरात जावे, सोबत एक पानी पत्रक न्यावे आणि "अशी एखादी संस्था असेल तर तिच्या परवानगीने माझा नंबर द्या" एवढेच म्हणावे. सीएला संदर्भ दिल्याबद्दल पैसे देऊ नयेत, तीही टक्केवारीच आहे.

दुसरा मार्ग कंपनीच्या बाजूने जातो. csr.gov.in या पोर्टलवर कोणत्या कंपनीने कोणत्या जिल्ह्यात आणि कोणत्या विषयावर खर्च केला ते पाहता येते. कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार आपल्या कामकाजाच्या परिसराला प्राधान्य देणे अपेक्षित असल्यामुळे चिंचोळी किंवा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत कारखाना असलेल्या, पण मुख्य कार्यालय पुण्या-मुंबईत असलेल्या कंपन्यांची यादी करणे फायद्याचे ठरते. फताटेवाडीच्या एनटीपीसीसारखा मोठा सार्वजनिक उपक्रम सर्वांच्याच नजरेत असतो, त्यामुळे तेथे गर्दीही असते. मध्यम कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचणारे मात्र थोडे असतात. दहा कंपन्यांचे तीन वर्षांचे अहवाल वाचून, कोण कोणत्या विषयावर साधारण किती रकमेची कामे घेते, याचा एक तक्ता करावा. मग ngodarpan.gov.in वर सोलापूर जिल्ह्यातील त्याच विषयावर काम करणाऱ्या संस्था शोधाव्यात आणि त्यांना फोन करताना "मी प्रस्ताव लिहून देते" असे न म्हणता, "अमुक कंपनीने गेली दोन वर्षे आपल्या जिल्ह्यात मुलींच्या शिक्षणावर खर्च केला आहे, आपले काम त्यात बसते का ते पाहायला मी अर्धा तास येऊ का?" असे विचारावे. माझ्या अनुभवात अशा दहा फोनमागे दोन-तीन भेटी ठरत.

भेटीत तीन प्रश्न विचारले की पुढे जायचे की नाही ते कळते. मागील वर्षाचे लेखापरीक्षण पूर्ण आहे का? प्रस्तावासाठी माहिती देणारी एक ठरलेली व्यक्ती संस्थेत आहे का? आणि निधी आला नाही तर हे काम पुढे चालू राहणार आहे का? तिसऱ्या प्रश्नाला "नाही, पैसे आले की सुरू करू" असे उत्तर आले तर मी नम्रपणे नकार देते, कारण तीन वर्षांचा अनुभव दाखवायला तिथे कामच नसते.

अनुभव नाही म्हणून फुकट लिहून द्यावे का, असे नवे लेखक विचारतात. पूर्ण प्रस्ताव फुकट देऊ नये, कारण तसे केल्यास तो टक्केवारीच्या आशेवर लिहिल्यासारखाच होतो आणि संस्थाही कागद वेळेवर देत नाही. त्याऐवजी एखाद्या खऱ्या संस्थेच्या परवानगीने दोन पानी संकल्पना टिपण नमुना म्हणून लिहावे, आकडे खरे ठेवावेत, संस्थेचे नाव झाकावे आणि तेच पुढच्या भेटीत दाखवावे.

नकार आल्यावर

अभ्यासवर्गाचा प्रस्ताव पहिल्या कंपनीने साडेतीन महिन्यांनी नाकारला. संस्थेने शुल्क पूर्ण दिलेले होते, आणि अध्यक्षांना फोन करताना मला संकोच वाटला हे खरे. मी कंपनीला नकाराचे कारण विचारणारे चार ओळींचे पत्र संस्थेकडून पाठवले. उत्तर आले की त्या वर्षी त्यांचा शिक्षणाचा निधी आधीच वाटला गेला होता. म्हणजे आम्ही डिसेंबरात पाठवलेला प्रस्ताव उशिरा पोहोचला होता; बहुतेक कंपन्यांचे वर्ष एप्रिल ते मार्च असते आणि नव्या कामांचे नियोजन वर्ष सुरू होण्याच्या आसपास होते. दुसऱ्या कंपनीच्या नमुन्यात तो बसवायला मी ५,००० रुपये घेतले आणि तो एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात गेला. त्यांचे अधिकारी केंद्रावर आले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी हजेरीपट उघडून मुले मोजली. पटावर ४२ नावे होती आणि वर्गात ३९ मुले बसली होती. त्या कंपनीने ८,०६,००० पैकी ६,००,००० रुपये मंजूर केले, म्हणून आम्ही खाऊची ओळ स्थानिक देणगीकडे वळवून अंदाजपत्रक पुन्हा जुळवले. त्या दोन दिवसांच्या कामाचे वेगळे करारपत्र झाले आणि त्याचे शुल्क संस्थेने आपल्या सर्वसाधारण निधीतून दिले.